रेफरन्ससाठी फोन आलाय, खरं किती सांगू?

प्रश्न: नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचा मशीनिंगचा कारखाना आहे, गाड्यांचे सुटे भाग करतो. माझ्या हाताखाली पावणेचार वर्षं असलेला क्वालिटी इंजिनिअर मार्चअखेर राजीनामा देऊन गेला. ग्राहकाची तक्रार आली की दोष नेमका कुठून आला हे त्याच्याइतकं पटकन कुणी शोधत नसे. पण रिपोर्ट कायम उशिरा, गेजच्या नोंदी अर्धवट, आणि शेवटच्या वर्षात दोनदा लेखी ताकीद. आता चाकणच्या एका कंपनीच्या एचआरचा फोन आलाय, रेफरन्स म्हणून त्याने माझंच नाव दिलंय. सगळं खरं सांगितलं तर पोराची नोकरी जाईल, गोड बोललो तर उद्या माझंच नाव खराब. काय आणि कसं सांगू?

उत्तर: आधी एक दिवस मागून घ्या. एचआरला उत्तर आजच हवं असतं ते त्यांच्या सोयीसाठी. तुम्ही उद्या बोललात म्हणून कुणाची ऑफर रद्द होत नाही. "उद्या चार वाजता मीच फोन करतो, तोवर तुमच्या कंपनीच्या मेलवरून मला पदाचं नाव आणि कामाचं स्वरूप पाठवून ठेवा," एवढंच सांगा. कंपनीच्या पत्त्यावरून मेल आला की समोरचा माणूस खरंच तिथला आहे हे कळतं. हा संशय फाजील नाही. घरगुती कोर्टकचेरीत कुणाचा पगार किती हे काढून घ्यायला एचआर असल्याचं सोंग करून केलेले फोन मी या धंद्यात पाहिले आहेत. आणि पद काय आहे हे कळल्याशिवाय तुम्हाला नीट उत्तर देताच येणार नाही, त्याचं कारण पुढे येतंच.

त्या एका दिवसात तुमच्याच एचआरला विचारा की मॅनेजरने रेफरन्स द्यायला परवानगी आहे का. बऱ्याच कंपन्यांत नियम असतो की हुद्दा आणि तारखा एचआर सांगेल, बाकी कुणी काही बोलायचं नाही. तसा नियम असेल तर पाळा, पण मग तो सगळ्यांसाठी सारखाच पाळा. मागच्या महिन्यात दुसऱ्या कुणाचं तुम्ही फोनवर दहा मिनिटं कौतुक केलं असेल आणि या मुलाच्या वेळी "आमच्या पॉलिसीप्रमाणे फक्त तारखा सांगतो" म्हणालात, तर ऐकणाऱ्याला कळायचं ते कळतं. चाकण-नाशिकच्या पट्ट्यातले क्वालिटीवाले एकमेकांना ओळखतात. तुमचं मौन तिथे वाईट शेऱ्यापेक्षाही महाग पडू शकतं, कारण मौनाला मर्यादा नसते. समोरचा त्यात चोरीपासून भांडणापर्यंत काहीही भरून घेतो.

आता मुख्य काम. बोलण्याआधी फाइल काढायची. तुमच्या फाइलमध्ये काय आहे ते मला माहीत नाही, म्हणून मी हाताळलेल्या एका प्रकरणावरून सांगते. माणूस, गाव, वस्तू सगळं बदललंय, पण दुखणं तुमच्यासारखंच होतं. तिथल्या मॅनेजरच्या तोंडी एकच वाक्य होतं: "डोक्याने तल्लख, पण कागदाच्या बाबतीत भरवशाचा नाही." आम्ही टेबलावर चार वर्षांचे अप्रेझल फॉर्म, दोन्ही ताकीदपत्रं, ग्राहकांच्या तक्रारींची नोंदवही आणि अंतर्गत ऑडिटचे अहवाल मांडले.

पहिल्या दोन वर्षांचा शेरा होता अपेक्षेपेक्षा सरस. तिसऱ्या वर्षी अपेक्षेप्रमाणे. चौथ्या वर्षी सुधारणा आवश्यक. म्हणजे पहिली गोष्ट अशी दिसली की मॅनेजरच्या डोक्यात जो माणूस होता तो शेवटच्या वर्षातला होता. शेवटचा ताप ताजा असतो, आधीची वर्षं विसरायला होतात, आणि रेफरन्स देताना आपण नकळत शेवटच्या वर्षाचाच रेफरन्स देतो.

मग उशिराचं खरं रूप बघितलं. ग्राहकाची तक्रार आली की ८डी रिपोर्ट द्यावा लागतो हे तुम्हाला सांगायला नको. त्यांच्या ग्राहकाची अट अशी होती की सदोष माल अडवून धरल्याचं पहिलं उत्तर चोवीस तासांत आणि कारण व उपायासह पूर्ण रिपोर्ट चौदा दिवसांत. शेवटच्या वर्षात अकरा तक्रारी होत्या. चोवीस तासांचं उत्तर अकराच्या अकरा वेळा वेळेत गेलं होतं. पूर्ण रिपोर्ट मात्र सहा वेळा उशिरा, त्यातला एक तर तीन आठवडे. तरीही मूळ कारण बहुतेक वेळा त्याने पहिल्या दोन-तीन दिवसांतच शोधून लाइनवर दुरुस्ती केलेली होती. बोअर मोठा येतोय म्हटल्यावर बोरिंग बारची झीज बघायची की फिक्स्चरचा लोकेटर, हे त्याला मशीनपाशी उभं राहूनच समजायचं. अडत होतं ते लिहून काढण्यात, पुरावे जोडण्यात, सह्या घेण्यात.

सहापैकी पाच उशीर ऑगस्ट ते जानेवारीतले होते. आणि जुलैत त्याच विभागातला दुसरा इंजिनिअर सोडून गेला होता, ती जागा थेट जानेवारीत भरली. सहा महिने हा गडी दोघांचं काम ओढत होता, आणि ताकीदपत्रात त्याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. रेफरन्समध्ये "रिपोर्ट उशिरा देतो" एवढंच सांगितलं असतं तर ते वाक्य खरं होतं आणि तरीही अन्याय झाला असता.

पण फाइल दोन्ही बाजूंनी बोलते. अंतर्गत ऑडिटमध्ये चार गेज असे सापडले होते की ज्यांची कॅलिब्रेशनची मुदत उलटून गेली होती आणि तरीही ते लाइनवर वापरात होते: दोन प्लग गेज, एक बोअर गेज, एक मायक्रोमीटर. हे ऑडिट एप्रिलमधलं. तेव्हा दुसरा इंजिनिअर जागेवर होता. या चुकीला कामाच्या ओझ्याची सबब चालत नाही. मुदत उलटलेल्या गेजवर मोजलेला सगळा माल संशयात येतो, पुन्हा मोजावा लागतो, हे क्वालिटीच्या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. तेव्हा ओझ्याचा उल्लेख करून त्याच्या मागे ही गोष्ट झाकली असती तर तेही तितकंच चुकीचं होतं.

याशिवाय तोंडी ऐकीव माल होताच. तो न मोजताच रीडिंग भरतो, असं एक सुपरवायझर म्हणायचा. स्टोअरकीपरशी एकदा जोरात वाजलं होतं. या दोन्ही गोष्टी आम्ही बाजूला ठेवल्या, आणि त्या का बाजूला ठेवल्या हे नीट समजून घ्या, कारण तुमची निवड तुम्हाला याच मापाने करायची आहे.

प्रत्येक मुद्द्याला मी तीन प्रश्न लावते. हे मी स्वतः पाहिलंय किंवा याचा कागद आहे का? ही गोष्ट त्या वेळी त्या माणसाला सांगितली होती का? आणि नव्या कामाशी तिचा संबंध आहे का? रीडिंगची कुजबूज पहिल्याच प्रश्नाला पडते. कुणी पाहिलं नाही, कुणी तपासलं नाही. आणि आरोप साधा नाही, खोट्या रीडिंगचा ठपका लागलेला माणूस या क्षेत्रात कुठे उभा राहू शकत नाही. तेव्हा तपासायची हिंमत किंवा गरज त्या वेळी वाटली नसेल, तर आज फोनवर ते कुजबुजायचा अधिकार नाही. स्टोअरकीपरशी झालेलं भांडण दुसऱ्या प्रश्नाला पडतं. मॅनेजरने त्याला त्याबद्दल कधी बोलावून विचारलंच नव्हतं.

तिघांत मला दुसरा प्रश्न सगळ्यात कामाचा वाटतो. ज्या दोषाबद्दल तुम्ही माणसाला एकदाही तोंडावर सांगितलं नाही, तो दोष त्याला स्वतःला ठाऊकच नसेल, त्याला आपली बाजू मांडता आली नसेल, सुधारायची संधीही मिळाली नसेल. तो तिसऱ्याच्या कानात पहिल्यांदा घालणं म्हणजे पाठीत वार आहे. तुमच्याकडे दोन लेखी ताकिदी आहेत, म्हणजे तुमचे मुख्य मुद्दे या चाचणीत पास होतात. ताकीदपत्रात जे आहे तेवढं बोलायला तुम्ही मोकळे आहात. त्यापलीकडचं, चहाच्या टपरीवरचं, नाही.

तिसऱ्या प्रश्नासाठी पदाचा मेल हवा होता. समजा त्याला सप्लायर क्वालिटीत घेताहेत, म्हणजे आठवड्यातले तीन-चार दिवस वेंडरच्या शॉपवर उभं राहून माल का बिघडतोय ते शोधायचं. तर तुमच्याकडचं त्याचं सगळ्यात मोठं बळ हेच त्या नोकरीचं मुख्य काम आहे आणि रिपोर्टचा उशीर ही सांभाळून घेण्यासारखी बाब. पण त्याला आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगातल्या गुणवत्ता मानकाची सिस्टिम सांभाळायला घेत असतील, ऑडिटची तयारी, दस्तऐवज, कॅलिब्रेशनचं वेळापत्रक, तर नेमकं दुबळं अंग त्याच्या रोजच्या कामात येणार. दोन्ही वेळा तुम्ही सांगायच्या गोष्टी त्याच, पण त्यांचा क्रम आणि भर बदलेल. हे लबाडीने बदलणं नव्हे. विचारणाऱ्याला "हा माणूस कसा आहे" हे कळून उपयोग नसतो. "या कामाला कसा आहे" हे कळायला हवं असतं.

आता शब्दांत उतरवू. त्या प्रकरणात पाठवलेला मेल इंग्रजीत होता, मजकूर साधारण असा:

"श्री. अमुक यांनी आमच्याकडे जून २०२१ ते मार्च २०२५ या काळात क्वालिटी इंजिनिअर म्हणून काम केलं. ते थेट माझ्या हाताखाली होते. ग्राहकाच्या तक्रारींमध्ये दोषाचं मूळ कारण शोधण्यात ते आमच्या विभागात सर्वांत पुढे होते. शेवटच्या वर्षातल्या सर्व अकरा तक्रारींत सदोष माल अडवण्याची कारवाई त्यांनी चोवीस तासांत पूर्ण केली. त्यांच्या कामातली उणीव दस्तऐवजांची होती. त्याच वर्षात सहा अंतिम रिपोर्ट मुदतीनंतर गेले. त्यापैकी पाच अशा काळातले आहेत जेव्हा विभागातली दुसरी जागा रिकामी होती. गेजच्या कॅलिब्रेशनच्या नोंदींमध्येही अंतर्गत ऑडिटमध्ये त्रुटी आढळल्या होत्या. या दोन्ही बाबी त्यांना त्या वेळी लेखी कळवल्या होत्या. त्यांनी स्वतः राजीनामा दिला आणि नोटीस पिरियड पूर्ण केला. शॉपवर जाऊन प्रश्न सोडवण्याच्या कामासाठी मी त्यांचं नाव सुचवेन. दस्तऐवजांची जबाबदारी एकट्याने सांभाळायची असेल, तर सुरुवातीला आठवड्याचा आढावा ठेवावा असं माझं मत आहे."

यात एकही विशेषण त्याच्या स्वभावाबद्दल नाही हे बघा. आळशी, बेजबाबदार, ॲटिट्यूडवाला, यातला एक शब्द जरी घातला असता तरी तो सिद्ध करता आला नसता आणि बाकीचे आकडे त्याच्या रंगात रंगून गेले असते. ऐकणारा विशेषण लक्षात ठेवतो, आकडा विसरतो. शेवटच्या वाक्यातलं "आठवड्याचा आढावा" मात्र मी आग्रहाने घालायला लावलं होतं. दोष सांगितलात तर त्या दोषासकट त्या माणसाकडून काम कसं करून घेता येतं हे तुम्हीच सांगू शकता. चार वर्षं तुम्ही ते केलंय. शुक्रवारी बसून उघड्या रिपोर्टची यादी काढली की त्याचे रिपोर्ट वेळेत जायचे, असं तुमच्याकडे घडलं असेल तर तेच सांगा. नव्या साहेबाला त्याच्यासारखी उपयोगी माहिती दुसरी नाही.

तारखांबद्दल एक छोटी पण नडणारी गोष्ट. रिलीव्हिंग लेटरवरची शेवटची तारीख आणि पीएफच्या नोंदीत भरलेली नोकरी सोडल्याची तारीख दोन्ही बघून घ्या. आपल्या अकाउंट्सने चुकून महिनाअखेर टाकलेली असते, पत्रावर चोवीस तारीख असते, आणि नवीन कंपनी त्याची पीएफची सर्व्हिस हिस्टरी मागवून ताडून बघते. खोटेपणाचा ठपका मग त्या पोरावर येतो, चूक आपली असून. तफावत असेल तर आधी दुरुस्त करून घ्या.

मेल दिलात तरी फोन येणारच, कारण एचआरला आवाजातून काढायचं असतं. तिथे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. "टीममध्ये कसा होता?" या प्रश्नाला "चांगला होता" असं ओढून म्हणू नका. त्याऐवजी एक प्रसंग सांगा: नाइट शिफ्टच्या ऑपरेटरला गेज कसा धरायचा हे तो स्वतः थांबून शिकवायचा, असं काही तुम्हाला आठवत असेल तर ते. आठवत नसेल तर "विशेष सांगण्यासारखं काही नाही, तक्रारही नाही" हे पुरे. "त्याचा वीक पॉइंट?" याला मेलमधलंच उत्तर, त्याच शब्दांत. फोनवर दोष वाढवून सांगायचा मोह होतो, कारण समोरचा "हं, हं" करत असतो आणि आपल्याला बोलतं करत असतो. मेलमध्ये नसलेलं वाक्य फोनवर तोंडातून गेलं, तर फोन ठेवताना तेच त्यांच्या वहीत उतरलेलं असतं.

मग येतो तो प्रश्न: "तुम्ही परत घ्याल का त्याला?" सगळा रेफरन्स या एका प्रश्नावर तोलला जातो, आणि इथे नुसतं हो किंवा नुसतं नाही म्हणणं बहुतेक वेळा खोटं असतं. तुमच्या बाबतीत खरं उत्तर बहुधा असं असेल: "तक्रारी सोडवायच्या जागेवर घेईन. सिस्टिमची जागा एकट्यावर सोडणार नाही." ते सरळ म्हणा, थांबून विचार केल्यासारखं न दाखवता. दोन सेकंदांचा पॉज आणि एक उसासा, की झालं, पुढचं काही ऐकलं जात नाही.

हाच प्रश्न व्हेरिफिकेशन एजन्सीच्या फॉर्मवर चौकोनात येतो, परत घेण्यास पात्र आहे का, हो किंवा नाही. तिथे सावध राहा. अनेक कंपन्यांच्या सिस्टिममध्ये या खुणेला ठरलेला अर्थ असतो: नोटीस पूर्ण केली नाही, सामान परत केलं नाही, शिस्तभंगाची कारवाई झाली, तर नाही, एरवी हो. तुमच्या एचआरच्या रेकॉर्डला जे आहे तेच तिथे जायला हवं. तुमचं वैयक्तिक मत त्या चौकोनात टाकू नका. नोटीस पूर्ण करून, हिशेब मिटवून गेलेल्या माणसापुढे तुम्ही "नाही" लिहिलंत, तर एजन्सीच्या अहवालात त्याचा लाल शेरा होतो आणि समोरच्या कंपनीला वाटतं की काहीतरी काळंबेरं आहे.

काही प्रश्नांना उत्तरच द्यायचं नसतं. आजारपण, लग्न, घरची अडचण, युनियनशी संबंध, पगारावरून झालेली घासाघीस. बाईमाणसाच्या बाबतीत बाळंतपणाची रजा. ती कायद्याने मिळालेली आहे, "मधे बराच काळ नव्हती" असंही सुचवायचं नाही. लैंगिक छळाची तक्रार किंवा त्यावरची चौकशी झाली असेल, तर २०१३ च्या कायद्याचं सोळावं कलम त्यातला मजकूर, संबंधितांची नावं आणि झालेली कारवाई बाहेर जाहीर करायला मनाई करतं. असं प्रकरण असलं तर मॅनेजरने एक अक्षर न बोलता ते एचआर आणि वकिलाकडे सोपवावं. "ऑफ द रेकॉर्ड सांगा ना" हा प्रश्न तर अजिबात घ्यायचा नाही. ऑफ द रेकॉर्ड असं काही नसतं. तुम्ही सांगितलेलं त्यांच्या शेऱ्यात जातं, फक्त तुमच्या नावाशिवाय, आणि मग तुम्हाला ते दुरुस्तही करता येत नाही. व्हॉट्सॲपवर तर लिहूच नका. अर्धा स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत त्या मुलाच्याच फोनवर असतो.

कायद्याची भीती लोकांना वाटते तेवढी धरायचं कारण नाही, पण तिची हद्द माहीत हवी. फौजदारी अब्रुनुकसानी पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ४९९ कलमात होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या ३५६ मध्ये आहे. "मी खरं तेच बोललो" एवढं तिथे पुरत नाही. सत्याचा अपवाद घ्यायचा तर ते सांगणं लोकहिताचंही असावं लागतं. रेफरन्स देणाऱ्याला खरा आधार वेगळ्या अपवादांचा मिळतो: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी, किंवा ज्याला सांगतोय त्याच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेलं विधान. आणि सद्भावना म्हणजे मनात वाईट नव्हतं एवढंच नव्हे. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेची ठरत नाही. फाइल काढून बसण्याचं कायदेशीर कारण हेच.

इंग्लंडमध्ये १९९४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे गार्डियन ॲश्युरन्स या विमा कंपनीचं असंच प्रकरण गेलं होतं. विम्याचं काम करणाऱ्या एका माणसाबद्दल जुन्या कंपनीने लिहून दिलं की त्याच्याकडे सचोटी जवळपास नाहीच. लिहिणाऱ्यांच्या मनात आकस नव्हता, त्यांना ते खरंच वाटत होतं. पण त्यांनी पुरेसं तपासलं नव्हतं. कोर्टाने ठरवलं की रेफरन्स देणाऱ्यावर जुन्या कर्मचाऱ्याप्रतीही वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी असते. आपल्याकडची कोर्टं त्या निकालाला बांधील नाहीत, पण एचआरवाले त्यावरून जे शिकले ते इथेही तितकंच लागू आहे: प्रामाणिक समज आणि तपासलेली गोष्ट यात अंतर असतं.

आता "गोड बोललो तर" या शक्यतेकडे. वाटतं तेवढं हे दयाळूपण नाही. समजा तुम्ही "सगळ्यात उत्तम" म्हणालात आणि त्यांनी त्याला सिस्टिमची जागा दिली. सहा महिन्यांत पहिल्या ऑडिटला गेजच्या नोंदी उघड्या पडतील, आणि प्रोबेशनवरच्या माणसाला काढणं सगळ्यात सोपं असतं. मग त्याच्या बायोडेटावर सहा महिन्यांची नोकरी राहते, जी पुढच्या प्रत्येक मुलाखतीत त्याला समजावून सांगावी लागते. तुमच्या खऱ्या रेफरन्समुळे त्याला ही एक नोकरी मिळाली नाही, असं होऊ शकतं, नाकारत नाही. पण माझा अनुभव असा की नेमकं, आकड्यांसह आणि परिस्थितीसह सांगितलेला दोष एचआरला फारसा घाबरवत नाही. त्यांना घाबरवतं ते मोघम बोलणं. चार वर्षांच्या माणसात एकही दोष नाही म्हणणाऱ्या मॅनेजरवर त्यांचा विश्वास बसत नाही, मग त्याने केलेलं कौतुकही वाया जातं.

मेल पाठवायच्या आधी त्या मुलाला फोन करा. हे बहुतेक लोक टाळतात, आणि हीच पायरी सगळ्यांत जास्त काम करते. "तू माझं नाव दिलंस, बरं केलंस. मी तुझ्या तक्रारी सोडवण्याबद्दल अमुक सांगणार आहे, आणि रिपोर्ट व गेजबद्दल तमुक. दुसरी जागा रिकामी होती हेही सांगणार आहे. काही चुकीचं वाटतं का?" असं सरळ विचारा. तो कदाचित म्हणेल की गेजचं वेळापत्रक तेव्हा दुसऱ्याकडे होतं. तसं असेल तर कागद बघा आणि मेल बदला. कदाचित म्हणेल की सर, मग माझं नाव दुसऱ्याकडून देतो. तो त्याचा हक्क आहे, आणि तुम्ही नव्या एचआरला फक्त तारखा व हुद्दा कळवून मोकळे व्हा. बहुतेक वेळा मात्र तो ऐकून घेतो आणि मुलाखतीत स्वतःच ती गोष्ट आधी सांगतो. मग तुमचा फोन येतो तेव्हा एचआरला ती नवी बातमी राहत नाही, उलट उमेदवार खरं बोलला याची खात्री पटते. त्याला आपण ऐकवू शकणार नाही असं एखादं वाक्य मेलमध्ये उरलं असेल, तर ते या फोनच्या आधी आपोआप गळून पडतं.

त्याच्या संमतीचा मेल किंवा सही नव्या कंपनीच्या एचआरकडून मागून घ्यायला विसरू नका. बहुतेक कंपन्यांकडे ती असतेच, त्यांनी ती पुढे पाठवायची असते इतकंच.

फोन झाला की त्याच दिवशी चार ओळींची टिपण ठेवा: कुणी विचारलं, कधी, काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं. मेलची प्रत आणि ही टिपण तुमच्या एचआरला द्या. कारण तो तिथे रुजू झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी व्हेरिफिकेशन एजन्सीचा फॉर्म येतो, आणि तो तुमच्याकडे न येता थेट एचआरच्या सामायिक मेलबॉक्समध्ये पडतो. तिथली नवी मुलगी सिस्टिम उघडून दोन ताकीदपत्रं बघेल आणि "शिस्तभंगाची कारवाई" या रकान्यात हो लिहून टाकेल. कामातल्या उशिराबद्दल दिलेली ताकीद आणि आरोपपत्र देऊन, चौकशी करून झालेली शिस्तभंगाची कारवाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची टिपण तिच्यासमोर असेल तर ती लिहिण्याआधी तुम्हाला एक फोन करेल.